कुत्र्या-मांजराचा फोटो डॉक्टरांना पाठवताना: केस, डोळे आणि अंगकाठी नेमकी कशी सांगावी, दवाखान्यात कधी न्यावं

सांगलीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवताना रोज सकाळी माझ्या मोबाईलवर फोटो येऊन पडलेले असतात. त्यातल्या बहुतेक फोटोंवरून काहीच ठरवता येत नाही. प्राणी अंधारात असतो, फ्लॅश डोळ्यात गेलेला असतो आणि खाली एक ओळ असते: "मॅडम, औषध सांगा."

मागच्या पावसाळ्यानंतर तासगाव बाजूच्या एका शेतकरी घरातून असाच एक मेसेज आला. चार वर्षांचा कारवानी नर. "कुत्रा बारीक झालाय, बरगड्या दिसतात. डोळे हिरवे झालेत. केस गळतात." सोबत रात्री वरून काढलेला एकच फोटो. यातल्या दोन तक्रारींचा आजाराशी काही संबंध नव्हता, आणि जी गोष्ट खरोखर धोक्याची होती ती फोटोत नव्हतीच. या लेखात तोच कुत्रा पायरीपायरीने पाहू.

## १. फोटोच्या आधी: काही लावू नका, काही पुसू नका

सर्वांत जास्त चुका इथे होतात. जखम दिसली की हळद दाबायची, खाज दिसली की खोबरेल तेल चोळायचं, डोळ्यात चिपड दिसलं की पुसून टाकायचं आणि मग फोटो काढायचा. हळदीचा पिवळा डाग फोटोत पू दिसतो. हिरडीजवळ लागली तर कावीळ झाल्यासारखी वाटते. तेलाने कोंडा झाकला जातो आणि निस्तेज केस चकचकीत दिसतात. पुसून टाकलेलं चिपड हिरवट होतं की पाण्यासारखं, हे मला नंतर कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून आधी फोटो, मग स्वच्छता. अर्थात रक्त वाहत असेल तर फोटो राहू द्या. स्वच्छ कापड दाबून धरा आणि निघा.

उजेड सकाळचा घ्या, साधारण आठ ते दहाचा. सोप्यात किंवा पडवीत, सावलीत, पण उघड्या बाजूला तोंड करून प्राणी उभा करा. थेट उन्हात काळे केस तांबूस दिसतात आणि बारीक कोंडा दिसेनासा होतो. पिवळ्या बल्बखाली तर सगळ्याच हिरड्या पिवळट वाटतात. फ्लॅश बंद ठेवा, चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा आणि मोबाईलची काच एकदा सुती कापडाने पुसा.

फोटोच्या एका कोपऱ्यात वहीचा पांढरा कागद येऊ द्या. तो कागद मला पिवळा दिसला तर मी समजते की उजेडच पिवळा आहे, आणि हिरडीचा रंग त्या हिशेबाने वाचते. गाठ किंवा चट्टा असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, म्हणजे "लिंबाएवढी गाठ" यावर चर्चा उरत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि नेमके बारीक तपशील जातात.

सावधान: कुत्र्याचं वागणं अचानक बदललं असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर तोंडात हात घालून फोटो काढू नका. "घशात हाड अडकलंय" असं समजून हात घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती रेबीजची लक्षणं असू शकतात. कुत्र्याला कोंडून ठेवा आणि फोन करा. चावा किंवा ओरखडा झाला असेल, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. अंगावरची जखम साबण लावून धुवा. मग माणसांच्या दवाखान्यात लसीसाठी त्याच दिवशी जा.

## २. कोणते फोटो, कोणत्या क्रमाने

सहा प्रकारचे फोटो पुरतात. आधी दुरूनचे, मग जवळचे. तोंडाचा सगळ्यात शेवटी, कारण तोंड उघडलं की प्राणी वैतागतो आणि नंतर नीट उभा राहत नाही.

पहिला बाजूने: प्राणी चारी पायांवर उभा आणि मोबाईल त्याच्या पोटाच्या उंचीवर. त्यासाठी तुम्हाला खाली बसावं लागेल. दुसरा बरोबर वरून, पाठ सरळ असताना. तिसरा समोरून चेहऱ्याचा, ज्यात दोन्ही डोळे एकाच उजेडात येतील. चौथा दुखऱ्या डोळ्याचा जवळून, एकदा समोरून आणि एकदा कडेने. पाचवा केसांच्या किंवा कातडीच्या जागेचा, आधी हातभर अंतरावरून आणि मग जवळून. नुसता जवळचा फोटो आला तर ती कातडी कानाची की मांडीची हे कळत नाही. सहावा हिरडीचा, वरचा ओठ हलकेच वर करून.

हिरड्या काळ्या रंगाच्या असतील, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कुत्र्यांच्या तशा असतात, तर खालची पापणी अंगठ्याने किंचित खाली ओढा आणि आतल्या भागाचा फोटो घ्या.

तपासा: पाठवण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून पाहा. एक एक केस वेगळा दिसतो का? नसेल तर तो फोटो पुन्हा काढा.

## ३. अंगकाठी: डोळ्यांनी नाही, हाताने

"बारीक" आणि "जाड" हे शब्द घरोघरी वेगळे असतात. आम्ही ९ गुणांची पट्टी वापरतो. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ, आणि बहुतेक कुत्र्यांसाठी ४ ते ५ बरोबर. तुम्हाला आकडा देता आला नाही तरी चालेल. तीन गोष्टी सांगता आल्या की पुरे.

पहिली, बरगड्यांवर बोटं फिरवा, दाबू नका. आता स्वतःचा हात पाहा. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकदार सांध्यांवर हात फिरवताना जसं लागतं तशा बरगड्या लागत असतील, तर प्राणी बारीक आहे. हात सरळ पसरून तळहाताच्या पाठीवरून बोटं फिरवल्यासारखं लागत असेल, तर बरोबर. तळहाताच्या मऊ गादीसारखं लागत असेल आणि बरगडी शोधावी लागत असेल, तर चरबी जास्त. दुसरी, वरून पाहिल्यावर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसते का. तिसरी, बाजूने पाहिल्यावर पोटाची रेषा मागे वर चढते का.

हात लावायला मी यासाठी सांगते की केस फसवतात. झुपकेदार केसांचा पॉमेरियन फोटोत गुबगुबीत दिसतो आणि टेबलावर घेतला की पाठीचा कणा हाताला टोचतो. उलट कारवानी कुत्र्याच्या शेवटच्या तीन-चार बरगड्या अंगासरशी दिसणं आणि पोट खूप आत असणं ही त्या जातीची ठेवणच आहे. त्याला लॅब्रॅडॉरच्या मापाने मोजून दूध-भाकरी वाढवली तर सांधे आणि हृदय दोन्हींवर भार पडतो.

म्हणून तासगावच्या कुत्र्याच्या बाबतीत "बरगड्या दिसतात" यावर मी थांबले नाही. मी विचारलं: पाठीचा मणका आणि कमरेची दोन हाडं आधीही अशीच वर दिसायची का? मांडीचं मांस आत गेलंय का? मग वजन करायला सांगितलं. मालकांनी गावातल्या भुसार दुकानाच्या काट्यावर कुत्र्याला उचलून घेतलं, आधी दोघांचं वजन केलं, मग एकट्याचं, आणि वजा करून २१ किलो कळवले. लस टोचताना, दोनेक महिन्यांपूर्वी, तो २४ किलो होता. म्हणजे आठवा हिस्सा वजन गेलं होतं. खाणं कमी न करता दहावा हिस्सा वजन उतरलं तरी तपासणी लागतेच. बरगड्या त्या कुत्र्याच्या ठेवणीतल्याच होत्या. गेलेले तीन किलो मात्र आजाराचे होते.

नेहमीची चूक: मोठं पोट दिसलं की "लठ्ठ" लिहिणं. पाठ आणि मांड्या सुकलेल्या आणि पोट मात्र तट्ट असेल, तर ती चरबी नसते. पिल्लात जंत असू शकतात, मोठ्यात पोटात पाणी असू शकतं. माजावर येऊन गेलेल्या कुत्रीत महिना-दोन महिन्यांत पोट मोठं झालं, ती सारखं पाणी पिऊ लागली आणि सुस्तावली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. तिला त्याच दिवशी आणा.

मांजरांबद्दल एक वेगळी गोष्ट. जाड मांजराने एक दिवस पूर्ण खाणं सोडलं तर "बरं झालं, थोडं उतरेल" असं म्हणू नका. उपाशी राहिल्यावर मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते काही दिवसांत जिवावर बेततं. २४ तासांच्या पुढे थांबू नका.

## ४. केस आणि कातडी: रोगाचं नाव नको, जागा सांगा

"खरूज झालीय" असं लिहून आलं की माझी पंचाईत होते, कारण त्या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळे आजार येतात. नाव न देता चार गोष्टी लिहा: कुठे, दोन्ही बाजूंना सारखं की एकाच ठिकाणी, खालची कातडी कशी, आणि खाज किती.

जागेवरून बरंच कळतं. कानाच्या कडा आणि कोपरं खवखवीत होऊन कुत्रा रात्रभर खाजवत असेल, तर ती माणसालाही लागणारी खरूज असू शकते. तेव्हा घरात कुणाच्या अंगाला खाज सुटलीय का, तेही लिहा. लहान पिल्लाच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गेलेत पण खाज फारशी नाही, हे वेगळ्या किड्याचं चित्र आहे आणि ते माणसाला लागत नाही. गोल चट्टा, कडेला कोंडा, केस तुटल्यासारखे, तर गजकर्णाची शंका येते, आणि ते लहान मुलांना पटकन लागतं. दोन्ही कुशींवर सारखं टक्कल पडतंय आणि खाज नाही, तर रक्त तपासून संप्रेरकं पाहावी लागतात.

केस गळणं आणि टक्कल पडणं हे वेगळं लिहा. हंगाम बदलताना किंवा व्यायल्यानंतर घरभर केस पडतात, पण कातडी कुठे उघडी पडत नाही. अशा वेळी घाई नसते.

केसांच्या मुळाशी काळे बारीक कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर घेऊन चोळा. तांबूस-तपकिरी डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसता काळा राहिला तर धूळ. त्या कापसाचाही फोटो पाठवा.

गोचिडांसाठी चार जागा उलटून पाहा: कानाच्या आत, पायाच्या बोटांमध्ये, गळपट्ट्याखाली आणि शेपटीखाली. उसाच्या फडात फिरणाऱ्या कुत्र्यात ही तपासणी वगळूच नका. तासगावच्या कुत्र्याचे केस राठ झाले होते, कुठे टक्कल नव्हतं. मालकांनी कान उलटला तेव्हा आत सतरा गोचीड निघाले.

सावधान: जळकं ऑईल, रॉकेल, डिझेल कातडीला लावू नका. प्राणी ते चाटतो, आणि भाजलेली कातडी तपासताना मूळ आजार हरवतो. गाई-म्हशींच्या गोचिडांवर फवारायचं औषध मांजराला लावणं म्हणजे विषबाधा. त्यातल्या काही औषधांनी मांजराला झटके येतात आणि ती दगावतात.

## ५. डोळे: पांढुरकेपणा कुठे आहे ते पाहा

"डोळे हिरवे झालेत" ही तक्रार महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात आत, मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात. तासगावच्या कुत्र्याचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॅशशिवाय काढला तेव्हा डोळे नेहमीसारखे तपकिरी होते.

खरा प्रश्न पांढुरकेपणाचा असतो. लोक कुठल्याही पांढऱ्या झाकेला मोतीबिंदू म्हणतात. म्हणून कडेने काढलेला फोटो मागते. कडेने पाहिलं की झाक डोळ्याच्या पृष्ठभागावर, काचेवर वाफ धरल्यासारखी आहे, की आत, बाहुलीच्या मागे आहे, ते दिसतं.

पृष्ठभागावरची झाक एकाच डोळ्यात अचानक आली, प्राणी डोळा मिटून धरतोय आणि पाणी येतंय, तर बुबुळावर जखम असण्याची शक्यता मोठी. उसाचं पातं लागून किंवा मांजराच्या नखाने अशा जखमा होतात. ती त्याच दिवशी दाखवायची. आतली झाक सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्यात, दोन्ही डोळ्यांत सारखी, निळसर-राखाडी असेल आणि कुत्रा नीट वावरत असेल, तर बहुधा ते वयाने भिंग घट्ट होणं असतं. मोतीबिंदूत झाक दुधासारखी पांढरी होत जाते आणि नजर कमी होते. नजर तपासायला कापसाचा बोळा डोळ्यासमोरून आवाज न करता खाली टाका. डोळ्यांनी पाठलाग केला तर दिसतंय. चेंडू टाकू नका, तो आवाजावरूनही कळतो.

आणखी तीन गोष्टी लिहा. डोळ्यातून येतंय ते पाणी आहे, पांढरट आहे की पिवळट-हिरवं. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लालसर गोळा किंवा तिसरी पापणी वर आलेली दिसते का.

सावधान: घरात शिल्लक राहिलेले थेंब घालू नका, स्वतःचेही नाही आणि मागच्या वेळी याच कुत्र्याला दिलेलेही नाही. लाली कमी करणाऱ्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉईड असतं. बुबुळावर जखम असताना ते पडलं तर जखम खोल जाते आणि कधी डोळा फुटतो. स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाने कडेचं चिपड पुसणं, तेही फोटोनंतर, एवढंच घरी करायचं.

तासगावच्या फोटोंत मला खालच्या पापणीचा आतला भाग हवा होता, कारण हिरड्या काळपट होत्या. तो आला तेव्हा शेजारचा कागद पांढराशुभ्र होता आणि पापणीचा आतला भागही जवळजवळ तसाच. तिथे गुलाबी रंग दिसायला हवा होता. म्हणजे रक्त कमी झालं होतं. पहिल्या मेसेजमध्ये याचा उल्लेखच नव्हता, कारण त्या घरात कुणी कधी पापणी ओढून पाहिली नव्हती.

## ६. मजकूर कसा लिहावा

फोटोंसोबत पाच-सहा ओळी पुरतात. वय, नर की मादी, नसबंदी झालीय का, आत्ताचं आणि आधीचं वजन. काय बदललं आणि कोणत्या दिवसापासून. खाणं, पाणी, शी, शू. काय लावलं, काय पाजलं, अगदी घरगुती उपाय धरून. लाज वाटून इथे लपवू नका. तापाची माणसांची गोळी दिली असेल तर ती आधी सांगा, कारण मांजराला पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं.

तासगावच्या मालकांनी दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: "नर, ४ वर्षं, नसबंदी नाही. वजन २४ होतं, आता २१. बारा दिवसांपासून निम्मंच खातो, पळायला नको म्हणतो. मणका आणि कमरेची हाडं आता वर दिसतात, आधी नव्हती. केस राठ, टक्कल नाही, खाज नाही. कानात गोचीड १७. डोळे दिवसा नेहमीसारखे, पाणी नाही. पापणी आतून पांढरी. काहीही औषध दिलं नाही." हे वाचून मला औषध सांगायचं नव्हतं, एकच सांगायचं होतं: आजच घेऊन या.

## ७. दवाखाना: लगेच, आज की या आठवड्यात

लगेच, फोटो न काढता: हिरड्या निळसर किंवा राखाडी. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय. डोळा खोबणीतून बाहेर आलाय. त्यावर ओलं स्वच्छ कापड ठेवून निघा, आत ढकलू नका. कारवानी, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही. झटका पाच मिनिटांत थांबत नाही.

त्याच दिवशी: हिरडी किंवा पापणी आतून पांढरी वा पिवळी. एकच डोळा अचानक पांढुरका, लाल, मिटलेला किंवा मोठा दिसणारा. बाहुल्या लहान-मोठ्या. गाढ झोपेत श्वास मिनिटाला ४०च्या वर, आणि तासाभराने पुन्हा मोजले तरी तसेच. निरोगी झोपलेल्या प्राण्यात ते ३०च्या आत असतात. पांढऱ्या हिरडीवर बोट दाबल्याचा फरक उमटत नाही, पण गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. उशीर लागला तर तेही त्याच दिवशीचं काम.

या आठवड्यात: वजन दहावा हिस्सा उतरलंय पण प्राणी खातोय, खेळतोय. चट्टा पसरतोय. दोन्ही डोळ्यांत हळूहळू वाढणारी झाक. नाण्याशेजारी मोजलेली गाठ पंधरा दिवसांत मोठी झालीय.

नुसते केस गळतायत आणि बाकी सगळं ठीक असेल तर पंधरा दिवस थांबा आणि त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा फोटो काढा. साताऱ्याकडच्या वाचकांना मोठ्या तपासण्यांसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडतं. त्याच दिवशीच्या यादीतलं काही असेल तर मात्र आधी गावाजवळचा दवाखाना गाठा.

तो कारवानी दुपारी आला. रक्तात हिमोग्लोबिन आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी दोन्ही कमी होत्या, आणि तपासणीत गोचीडताप निघाला. महिनाभर गोळ्या चालल्या, गोठ्यातल्या आणि अंगणातल्या गोचिडांचाही बंदोबस्त झाला. मालक दर रविवारी सकाळी त्याच पडवीत, त्याच कागदासह पापणीचा फोटो पाठवायचे. तिसऱ्या रविवारी कागदाशेजारची पापणी गुलाबी दिसली. पाचव्या आठवड्यात भुसार दुकानाच्या काट्याने २३ किलो दाखवले. शेवटच्या चार बरगड्या अजूनही दिसत होत्या, आणि त्या तशाच राहू द्या असं मी कळवलं.